तेहतीसचा प्लग की पंचवीसचा मफ?

नमस्कार ताई,

कुडाळजवळ आमची चिरेखाण आहे. वडिलांनंतर आता मी बघतो. नऊ गडी आहेत. दोघं आळीपाळीने कापायचं मशीन चालवतात, दिवसाला साधारण सहा तास मशीन चालतं. बाकीचे चिरे सुटे करतात आणि ट्रकात भरतात. फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं, त्यात मशीन चालवणाऱ्याच्या कानाशी 100 डेसिबल आणि भरणाऱ्यांपाशी 90 आले. दुकानात दोन वस्तू दाखवल्या. स्पंजचे इअरप्लग 15 रुपये जोडी, पाकिटावर एनआरआर 33. हेडफोनसारखे इअरमफ 600 रुपयांना, त्यांच्यावर एनआरआर 25. 100 मधून 33 गेले की 67 उरतात, म्हणजे स्वस्तातलेच जास्त चांगले. मग 600 कशाला घालवू? माझं गणित बरोबर आहे ना? गडी म्हणतात काहीच नको, ट्रक ऐकू येणार नाही.

– एक खाणवाला, सिंधुदुर्ग

---

भाऊ,

वजाबाकी बरोबर आहे, पण वजा करायचा आकडा चुकला आहे. 67 तुमच्या गड्याच्या कानात कधीच उरणार नाहीत. त्या 15 रुपयांच्या प्लगने, आज खाणीवर जसे घालतील तसे घातले तर, 90 च्या आसपास उरतील असं धरून चाला. मफने 88 च्या आसपास. म्हणजे पाकिटावर मागे असलेला मफ खाणीवर थोडा पुढे जातो, आणि मशीन चालवणाऱ्याला दोन्हीपैकी कुठलाही एक पुरत नाही. हे आकडे कसे आले ते नीट सांगते, कारण एकदा ते कळलं की दुकानदार काय म्हणतो याची तुम्हाला गरज उरणार नाही.

आधी त्या 33 चा जन्म कसा होतो ते बघा. एनआरआर हा अमेरिकेतला आकडा, वस्तू किती डेसिबल आवाज अडवते ते सांगणारा. तिथल्या पर्यावरण खात्याने 1979 मध्ये नियम केला की कानाच्या प्रत्येक संरक्षकावर हा आकडा छापायचा, आणि तो 1974 च्या एका चाचणीपद्धतीने काढायचा. त्या पद्धतीत दहा माणसं एका शांत खोलीत बसवतात. हलके आवाज ऐकवून प्रत्येकाला कुठल्या पातळीपासून ऐकू येतं ते बघतात, आधी उघड्या कानाने, मग संरक्षक घालून. दोन्हींतला फरक म्हणजे त्या वस्तूने अडवलेला आवाज. प्रत्येकाची चाचणी तीन वेळा होते. इथवर सगळं ठीक आहे. गोम अशी, की या पद्धतीत प्लग त्या माणसाने स्वतः घालायचा नसतो. चाचणी घेणारा तज्ज्ञ तो त्याच्या कानात बसवतो. आयुष्यभर तेच काम केलेला माणूस, स्वच्छ हात, घाई नाही, घाम नाही. बसवून झाला की माणूस खुर्चीत स्थिर बसतो, तोंड उघडत नाही, मान वळवत नाही, आणि थोड्या वेळाने उठून घरी जातो.

आकडा काढताना त्यांनी सावधगिरी घेतली नाही असंही नाही. दहा जणांची सरासरी जशीच्या तशी छापत नाहीत. माणसामाणसांत जो फरक पडतो तो दुप्पट करून सरासरीतून वजा करतात आणि उरेल ते छापतात. कागदावर हा हिशोब असा आहे की शंभरातल्या बहुतेक माणसांना निदान एवढं तरी संरक्षण मिळावं. पण तो फरक तज्ज्ञाने बसवलेल्या प्लगांमधला आहे. तुमचा गडी लाल मातीने भरलेल्या बोटांनी जो बसवेल त्याचा त्यात हिशोबच नाही.

ही तफावत जुनी आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्याच कामगार आरोग्य संशोधन संस्थेने, नायॉशने, 1998 मध्ये कारखान्यांमध्ये प्रत्यक्ष केलेल्या मोजण्या बघून कपातीचा एक ढोबळ नियम दिला. मफवर छापलेल्या आकड्यातून पाव भाग कापा. स्पंजच्या, म्हणजे बोटांत वळून घालायच्या प्लगच्या आकड्यातून निम्मा कापा. बाकीच्या सगळ्या प्लगांच्या, म्हणजे रबरी किंवा सिलिकॉनच्या तयार आकाराच्या प्लगांच्या आकड्यातून शंभरात सत्तर कापा. मफला कपात सगळ्यात कमी का, ते उघड आहे. तो कानावर ठेवायला फारसं कौशल्य लागत नाही. प्लगचं सगळं काम मात्र बसवण्याच्या हातावर अवलंबून असतं.

आता तुमचे आकडे घेऊ. प्लगचे 33, निम्मे केले की साडेसोळा. मफचे 25, पाव भाग काढला की पावणेएकोणीस. दुकानात मागे असलेला इथेच पुढे गेला. पण अजून एक वजाबाकी आहे आणि ती जवळजवळ सगळे विसरतात.

आवाज मोजायच्या यंत्रात दोन पट्ट्या असतात, ए आणि सी. ए पट्टी आपल्या कानासारखी ऐकते, म्हणजे जाडाभरडा घुमणारा आवाज कमी मोजते. सी पट्टी जवळपास सगळं मोजते. एनआरआर हा सी पट्टीच्या आकड्यातून वजा करायला बनवलेला आहे. तुमच्या अ‍ॅपवर डीबीए असं लिहिलेलं असेल तर तुम्ही ए पट्टीने मोजलं, आणि त्या आकड्यातून एनआरआर वजा करताना आधी एनआरआरमधूनच 7 कमी करायचे असतात. डिझेल जनरेटरसारखा घुमणारा आवाज जिथे जास्त आहे तिथे ए आणि सी यांच्यात बराच फरक पडतो, त्यासाठी ठेवलेली ही राखीव रक्कम समजा. मग प्लगचे साडेसोळातले साडेनऊ राहिले. मफचे पावणेबारा. 100 मधून वजा करा: प्लग घातल्यावर साडेनव्वद, मफ घातल्यावर सव्वाअठ्ठ्याऐंशी. मी वर दिलेले आकडे हे असे आले.

तुमच्या मफवर किंवा प्लगवर एसएनआर नावाचा आणखी एक आकडा असेल तर गोंधळू नका. तो युरोपातला. तिथे सरासरीतून फरक एकदाच वजा करतात, म्हणून त्याच वस्तूवर तो एनआरआरपेक्षा मोठा दिसतो. एका पाकिटावरचा एसएनआर आणि दुसऱ्यावरचा एनआरआर समोरासमोर ठेवून खरेदी करू नका.

साडेनव्वद म्हणजे किती, हे कळायला डेसिबलचा स्वभाव माहीत हवा. प्रत्येक 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. नायॉशचा हिशोब असा, की 85 च्या आवाजात आठ तास चालेल, 88 मध्ये चार तास, 91 मध्ये दोन. असं चढत 100 ला पोचलात की फक्त 15 मिनिटं. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांतला तक्ता ढिला आहे. त्यात 90 ला आठ तास आणि 100 ला दोन तास चालतात. मी कान वाचवायचा हिशोब करताना पहिला तक्ता धरते आणि तुम्हीही तोच धरा, कारण 90 च्या पातळीवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांतल्या बऱ्याच जणांचे कान जातात हे आता स्पष्ट झालेलं आहे. एक चालवत असताना दुसराही जवळच असतो असं धरलं, तर सहा तास मशीन म्हणजे कानाच्या आत 86 च्या पुढे जाता कामा नये. मफनेसुद्धा 88 उरतात.

म्हणून मशीनवरच्या दोघांना दोन्ही द्या. आत स्पंजचा प्लग आणि त्यावर मफ. यांची बेरीज होत नाही, 33 आणि 25 मिळून 58 होत नाहीत. दोघांतला जो जास्त देतो त्यात फक्त 5 मिळवायचे. कान पूर्ण बंद केले तरी कवटीच्या हाडांतून आवाज आत पोचतोच, त्यामुळे कुठल्याही संरक्षणाला वर एक छत असतं. पण ते 5 तुम्हाला पुरेसे आहेत. पावणेबारात 5 मिळवले की पावणेसतरा होतात, आणि 100 चे 83 उरतात.

हे 83 कधी टिकतात आणि कधी टिकत नाहीत, यावर जरा थांबायला हवं, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कान इथे गेले आहेत.

मी अकरा वर्षं एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर प्लगचा डबा भिंतीला लावलेला होता, वर पाटी, नोंदवहीत सह्या. सगळं जागच्या जागी. तरी वर्षाच्या श्रवण तपासणीत त्याच खोलीतल्या माणसांचे कान उतरताना दिसत होते. मी एक दिवस दारात उभी राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून कान बघितला. बहुतेकांचे प्लग अर्ध्याहून जास्त बाहेर होते, समोरून बघितलं तर कानातून पिवळं बोंड डोकावत होतं. हे बसवण्याचं झालं. मग मी खोलीत बसून राहिले, तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. फोन आला की एक प्लग बाहेर. कोणी हाक मारली की बाहेर. तंबाखू मळताना गप्पा सुरू झाल्या की दोन्ही बाहेर, आणि मशीन मात्र चालूच.

या काढण्याची किंमत किती, ती तुमच्या खाणीच्या आकड्यांत मांडून दाखवते. तुमचा मशीनवाला सहा तासांतला अर्धा तास, मशीन चालू असताना, कान उघडे ठेवतो असं धरा. म्हणजे बाराव्या भागाचा वेळ. त्या अर्ध्या तासात कानात गेलेली ऊर्जा उरलेल्या साडेपाच तासांच्या एकत्रित ऊर्जेच्या चौपटीहून जास्त होते. दिवसाचा हिशोब केला तर त्याचं सतराचं संरक्षण दहावर येतं, आणि दिवसभर 83 ऐवजी 90 मध्ये काम केल्यासारखं होतं. आता समजा तुम्ही जगातली सगळ्यात भारी वस्तू आणलीत, जी खरोखर 30 अडवते. तोच अर्धा तास काढला तर तीही अकराच्या आतच राहते. सतरा आणि तीस यांतला सगळा फरक त्या अर्ध्या तासात बुडतो. होडीला एक फट असली की फळी सागाची आहे की आंब्याची याला अर्थ राहत नाही, तसं आहे हे. म्हणून खरेदी करताना मी आधी हे विचारते, की हा माणूस ही वस्तू सहा तास काढल्याशिवाय ठेवेल का. पाकिटावरचा आकडा मी त्यानंतर बघते.

त्यासाठी खाणीवर एक नियम लावा. बोलायचं असेल तर मशीन बंद करूनच बोलायचं. फोन मुकादमाकडे. मफ काढायचा तो मशीन थांबल्यावर किंवा मशीनपासून लांब चालत गेल्यावर. तुमच्याकडे दोघं आळीपाळीने चालवतात, हे तर फारच सोयीचं आहे. दुसऱ्याची पाळी असताना पहिल्याने तिथेच बसून पाणी पिण्याऐवजी झाडाखाली लांब जायचं.

मफ घेतलात तरी तो आपोआप काम करेल असं समजू नका. गेल्या वर्षी मालवण तालुक्यातल्या एका खाणीवर गेले होते. मशीनवाल्याच्या डोक्यावर चांगला मफ होता, मला बरं वाटलं. जवळ गेले तर उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेल्या पंचाचं एक टोक कानावरून खाली आलेलं, आणि मफची गादी त्या कापडावर टेकलेली. कापडातून आवाज सरळ आत जातो. गादीचा कडा पूर्ण गोल कातडीला चिकटायला हवा, तेवढंच तिचं काम आहे. पंचा हवा असेल तर मफच्या वरून घ्या, खालून नको. चष्म्याची दांडी, जाड गॉगलची पट्टी, कानावरचे दाट केस, सगळ्यांनी तीच फट पडते. धुळीसाठी गॉगल लागतोच, तेव्हा बारीक दांडीचा घ्या. त्याच खाणीवर मी त्या मफची गादी अंगठ्याने दाबून बघितली. मऊ असायला हवी होती ती घाम आणि मातीने वाळलेल्या भाकरीसारखी कडक झालेली, कडेला भेग गेलेली. कोकणातल्या घामाला गाद्या फार टिकत नाहीत. सहा महिन्यांनी बदलायच्या असं धरा, कडक झाल्या तर त्याआधी. म्हणून मफ घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा की याच्या सुट्या गाद्या मिळतात का. मिळत नसतील तर तो मफ घेऊ नका. आणि विश्रांतीत मफ गळ्यात ताणून किंवा ट्रकच्या आरशाला अडकवून ठेवू देऊ नका. पट्टी सैल पडते, दाब जातो, दिसायला मात्र नवा राहतो.

भरणाऱ्यांचं वेगळं आहे. ते डोक्यावर चुंबळ ठेवून चिरा घेत असतील तर मफची पट्टी तिथे बसणारच नाही, आणि खांद्यावर घेत असतील तर चिरा मफला धक्का देणार. त्यांना प्लगच द्या. त्यांच्या जागी 90 आहेत, साडेनऊ गेले तरी ऐंशीच्या जवळ येतात. त्यांना तेवढं पुरतं, जास्त अडवायची गरजच नाही. गरजेपेक्षा फार जास्त अडवलं तर माणूस एकटा पडल्यासारखा होतो आणि मग काढून टाकतो.

दुकानदार तुम्हाला धुऊन वापरता येणारे रबरी प्लगही दाखवेल, दांडीला धरून घालायचे. मातीच्या हातांना ते सोयीचे वाटतात, आणि मलाही ते आवडतात, पण कपातीचा नियम त्यांना सगळ्यात कडक आहे. 25 लिहिलेल्या रबरी प्लगचे शंभरात सत्तर कापले की साडेसात, आणि त्यातून 7 गेले की जवळजवळ काहीच नाही. प्रत्येकावर खरंच एवढी वेळ येते असं नाही. कानाच्या मापाचा प्लग मिळाला तर बरंच जास्त मिळतं. पण माणसागणिक माप तपासायची सोय नसताना मी सगळ्यांसाठी एकाच मापाचे रबरी प्लग घेणार नाही. आणि कापसाचे बोळे हे संरक्षण नव्हे, ते कोणालाही घालू देऊ नका.

आता स्पंजचा प्लग घालायचा कसा. हे एकदा तुम्ही स्वतः करून बघा, मग गड्यांना शिकवा, एकेकाला, प्रत्येकाला पाच मिनिटं देऊन. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी हात साबणाने धुवायचे. मातीच्या बोटांनी वळलेला प्लग कानात चिऱ्याची भुकटी नेतो, कान खाजतो, कधी पिकतो, आणि तो गडी पुन्हा प्लगला हात लावत नाही. प्लग दोन बोटांत हळूहळू वळायचा, दाबून चपटा करायचा नाही. तो काडीसारखा बारीक आणि गुळगुळीत व्हायला हवा, घडी पडली तर त्या घडीतून आवाज आत जातो. मग विरुद्ध हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळ वर आणि मागे ओढायची. याने कानाची वाकडी नळी सरळ होते, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. प्लग लगेच आत सरकवायचा आणि बोटाने टेकवून अर्धा मिनिट तसाच धरायचा. स्पंज आत फुगून बसायला तेवढा वेळ घेतो. लगेच सोडला तर तो फुगताना बाहेर सरकतो. कॉम्प्रेसरच्या दारात मी जी डोकावणारी बोंडं बघत होते ती या चुकवलेल्या अर्ध्या मिनिटाची होती.

बसला की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. समोरून बघितल्यावर प्लग दिसता कामा नये. स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमायला हवा, दोन्ही कानांत सारखा. आणि मशीन चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट ठेवून बघायचं. हात ठेवल्याने आवाज ठळक कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. फारसा फरक पडला नाही तर बसलाय. काढताना हळू पिळत काढायचा, झटक्यात ओढायचा नाही. काढलेला प्लग पिळलेल्या अवस्थेत सरळ आणि विनाघडीचा दिसला तर तोही चांगला पुरावा.

असा शिकवून बसवलेला स्पंजचा प्लग मी वर धरलेल्या साडेनऊपेक्षा बराच जास्त देतो, आणि जनरेटरच्या घुमण्याला तर तो मफपेक्षाही चांगला अडवतो. जाडाभरडा आवाज मफला जड जातो. म्हणजे कपातीचा नियम हा प्लगचा दोष नाही, न शिकवता वाटलेल्या प्लगांचा सरासरी हिशोब आहे. नायॉशसुद्धा आता त्या सरसकट कपातीपेक्षा प्रत्येक माणसाच्या कानात त्याचा प्लग किती अडवतो ते यंत्राने मोजा, यावर भर देते. मोठ्या कंपन्यांमध्ये तशी यंत्रं असतात. नऊ माणसांच्या खाणीला ते परवडणारं नाही, म्हणून तळहाताची परीक्षा. ती रोज सकाळी मुकादमाने करून घ्यायची, महिनाभर. नंतर हाताला सवय होते.

गड्यांनी ट्रकचं जे म्हटलं ते मी हसण्यावारी नेणार नाही. मालवणच्या त्याच खाणीवर एक वयस्कर गडी मला म्हणाला, "ताई, ह्यां कानात घातलंय काय ट्रक मागसून इलो तरी कळाचा नाय." त्याची भीती खरी होती, पण कारण दुसरं होतं. ज्याचे कान चांगले आहेत त्याला मशीनच्या गोंगाटात प्लग घालूनही हॉर्न जवळपास तितकाच कळतो, कारण प्लग गोंगाट आणि हॉर्न दोन्ही एकत्र खाली आणतो, त्यांच्यातला फरक तसाच राहतो. ज्याचे कान आधीच उतरलेले आहेत त्याला मात्र हॉर्न त्याच्या ऐकण्याच्या रेषेखाली जाऊ शकतो. त्या बाबांचं तेच झालं होतं. वीस वर्षं खाणीवर, समोरून बोललं तर ओठ बघून उत्तर द्यायचे. तेव्हा ट्रकचा प्रश्न कानावर सोडूच नका. ट्रक मागे घेताना एक माणूस लाल फडकं घेऊन ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहील, आणि तो दिसेनासा झाला की ड्रायव्हर थांबेल. हे प्लग असो नसो, खाणीवर हवंच.

खरेदीला जायच्या आधी एक काम जवळपास फुकटात होण्यासारखं आहे. तुमचं मशीन जनरेटरवर चालत असेल, तर तो भरायच्या जागेपासून किती लांब आहे? उघड्यावर अंतर दुप्पट केलं की त्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. तीन मीटरवरचा बारा मीटरवर नेलात तर 12 उतरतात. मध्ये फुटक्या चिऱ्यांचा डोक्याएवढा उंच बांध घातलात तर आणखी काही. केबल लांब लागेल, तेवढाच खर्च. भरणाऱ्यांच्या 90 मध्ये जनरेटरचा वाटा मोठा असेल तर हे कुठल्याही प्लगपेक्षा जास्त देईल, आणि ते कोणी काढून ठेवू शकत नाही. हे कळण्यासाठी कापायचं मशीन बंद आणि जनरेटर चालू ठेवून पुन्हा मोजा. बोथट पातं जास्त किंचाळतं, तेही वेळेवर बदला.

फोनच्या मोजणीबद्दल इतकंच, की ती अंदाजासाठी ठीक आहे. बऱ्याच फोनांचे माईक बोलण्याच्या आवाजासाठी केलेले असतात आणि 100 च्या आसपास थकतात, म्हणजे खरा आवाज 104 असला तरी 100 दाखवू शकतात. मशीनवाल्यांना दोन्ही घाला म्हणण्यामागे माझं हेही एक कारण आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आवाज मोजून देणारं कोणी मिळालं तर एक दिवस मशीनवाल्याच्या खांद्याला डोसीमीटर लावून घ्या, पूर्ण दिवसाचा हिशोब मिळेल.

तर दुकानात जाताना: मफ दोन नाही, तीन घ्या, दोघा मशीनवाल्यांचे आणि एक राखीव, आणि प्रत्येकासाठी एक गाद्यांचा जोड जास्त. स्पंजचे प्लग नवाही जणांना, रोज एक नवी जोडी हिशोबात धरून. मळलेला स्पंज धुऊन परत वापरू नका, तो फुगायचा थांबतो. दोन मापांचे मिळाले तर दोन्ही आणा, बारीक नळीच्या कानात मोठा प्लग दुखतो आणि दुखला की निघतो.

आणि पावसाळ्यात खाण बंद असते तेव्हा नऊ जणांना एकदा कान तपासायला न्या. ऑडिओग्राम म्हणतात त्याला, कानाच्या डॉक्टरकडे होतो. आवाजाने कान गेला की तो आधी 4000 हर्ट्झच्या जवळ, म्हणजे बारीक उंच आवाजांना, खचतो, कागदावर तिथे खड्डा दिसतो, आणि बोलणं ऐकू येत असल्याने माणसाला वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. पहिलं जाणवतं ते बायकामुलांना, टीव्हीचा आवाज वाढतो तेव्हा. खाण बंद असताना तपासलं तर कान निवांत असतात, आकडे खरे येतात. तो कागद प्रत्येकाच्या नावाने जपून ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा न्या. 4000 पाशी रेष 10 डेसिबलने खाली आलेली दिसली, तर बहुधा त्या गड्याच्या कानातला प्लग नीट बसत नाही किंवा दिवसातून बाहेर येतो आहे. त्याच्याशी तळहाताच्या परीक्षेपासून पुन्हा सुरुवात करा.